रिअॅक्टरमध्ये पाणी उकळलं की पॉवर वाढते की कमी होते?

"आम्ही नागपूरकर, कोराडीचं बॉयलर पाहिलेलं. अणुभट्टीत पाणी उकळलं तर पॉवर वाढते म्हणतात, कुणी म्हणतं कमी होते. खरं काय?"

दोन्ही खरं आहे. कोराडीत पाणी उकळल्याने खालचा कोळसा कमी-जास्त जळत नाही. अणुभट्टीत मात्र पाणी स्वतः विखंडनात भाग घेतं. ते न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि काही न्यूट्रॉन शोषूनही घेतं. बुडबुडे झाले की दोन्ही कामं मंदावतात. कोणतं काम जास्त महत्त्वाचं, यावर उत्तर ठरतं.

तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला पाणीच आहे. वाफ वाढली की मंद न्यूट्रॉन घटतात, विखंडन घटतं, पॉवर उतरते. म्हणजे व्हॉइड कोएफिशंट, वाफ वाढल्यावर पॉवर किती बदलते तो आकडा, ऋण. पण याची दुसरी बाजू विसरू नका: टर्बाइनचा व्हॉल्व्ह अचानक बंद झाला तर दाब वाढतो, बुडबुडे दबून नाहीसे होतात आणि पॉवर उसळते. म्हणून व्हॉल्व्ह मिटताच न्यूट्रॉन शोषणारे कंट्रोल रॉड आत जातात.

चेर्नोबिलच्या आरबीएमके भट्टीत वेग कमी करायचं काम ग्रॅफाइट करत होतं. पाणी तिथे मुख्यतः शोषकच. ते उकळलं की शोषक गेला, ग्रॅफाइट जागेवरच. पॉवर वाढली, त्याने आणखी पाणी उकळलं. १९८६ नंतर इंधनाचं समृद्धीकरण २ वरून २.४ टक्के केलं आणि जादा शोषक बसवले, तेव्हा हा धन आकडा बराच खाली आला.