मटण खाऊनही बी१२ कमी : गोळी नेमकी कुठं अडते?

प्रश्न : "आईचं वय ५६, सेलू तालुक्यात राहते. अंडी, मटण, दूध सगळं खाते, तरी बी१२ ९२ आलं. चार महिने गोळ्या दिल्या, ११० च्या वर गेलं नाही. इंट्रिन्सिक फॅक्टरची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे म्हणे. डॉक्टर जन्मभर इंजेक्शन सांगतात. गोळीत जे आहे तेच इंजेक्शनात, मग सुईच कशाला?"

औषध तेच आहे, पण आत शिरायची वाट वेगळी. परभणीत लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली आणि हाच आजार, पर्निशस अ‍ॅनिमिया, माझ्या मावशीलाही झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बी१२ पोटातून आपोआप रक्तात जात नाही. जठराच्या अस्तरातल्या पॅरायटल पेशी आम्ल तयार करतात आणि इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रथिनही सोडतात. लहान आतड्यात हे प्रथिन बी१२ला धरतं आणि आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात ही जोडी आत ओढली जाते. तिथले दरवाजे फक्त जोडीला ओळखतात, सुट्या बी१२ला नाही.

पर्निशस अ‍ॅनिमियात शरीर स्वतःच्याच या व्यवस्थेवर उठतं. पॅरायटल पेशी मरत जातात, त्यामुळे प्रथिन मुळात कमी पडतं. जे उरतं त्यालाही अँटिबॉडी चिकटते. एक प्रकारची अँटिबॉडी बी१२ धरायची जागाच अडवते. दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी, जोडी जमली तरी तिला दरवाजाला लागू देत नाही. म्हणून तुमच्या आईच्या ताटात काही कमी नाही. आपल्याकडे बी१२ कमी निघालेले बहुतेक जण न खाण्यामुळे कमी असतात, त्यांना साध्या गोळीनं फरक पडतो. मटण खाणाऱ्या बाईचं कमी आलं की मात्र शंका घ्यायची.

आता गोळीचा हिशोब. या दरवाजाशिवायही बी१२ आतड्यातून थोडंसं झिरपतं, साधारण शंभरात एक भाग. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. रक्तवाढीच्या साध्या गोळीत १५ मायक्रोग्रॅम असेल तर आत जाणार ०.१५. रोज १००० ची गोळी घेतली तर १० जाईल, तेवढं पुरतं. म्हणजे गोळी कधीच चालत नाही असं नाही. आधी आईच्या पाकिटावर किती मायक्रोग्रॅम छापलंय ते बघा. पण हे झिरपणं माणसागणिक कमी-जास्त होतं, रोज न चुकता घ्यावं लागतं, आणि यकृतातला साठा रिकामा असताना, नसांवर परिणाम झालेला असताना त्यावर विसंबून राहणं परवडत नाही. इंजेक्शन दंडात दिलं की जठर, आतडं, अँटिबॉडी सगळं बाजूला राहतं. १००० मायक्रोग्रॅम थेट रक्तात येतात. काही यकृतात साठतात, जादाचं लघवीवाटे जातं.

मावशीचं सांगतो. जिंतूरजवळच्या गावी तिला हिमोग्लोबिन ६.८ म्हणून लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. बी१२ कुणी तपासलंच नाही. हिमोग्लोबिन ९ वर आलं, घरचे खूश. तेवढ्यात ती म्हणू लागली, चालताना चप्पल पायातून निसटून मागं राहते अन् मला कळतच नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त काही काळ सावरतं, पण मज्जारज्जूचं नुकसान चालूच राहतं. घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर तिला कंप जाणवेना. मी स्लाइड पाहिली : मोठाल्या अंडाकृती तांबड्या पेशी आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा-सहा पाकळ्या. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ११६. पुढं अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. (निगेटिव्ह आली असती तरी आजार नाही असं म्हणता येत नाही, बऱ्याच रुग्णांत ती सापडत नाही.)

दोन आठवडे दिवसाआड, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक अशी इंजेक्शनं झाली. सातव्या दिवशी रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी, १४ टक्के; हाडातली मज्जा जोमानं कामाला लागलेली. हिमोग्लोबिन दोन महिन्यांत जागेवर. पहिल्या आठवड्यात पोटॅशियम घसरू शकतं, म्हणून रक्त फार कमी असेल तर डॉक्टर तेही तपासतात. इंजेक्शन चालू असताना बी१२चा आकडा पुन्हा तपासण्यात पैसे घालवू नका. तो भरपूरच येतो. सीबीसी आणि पाय काय सांगतात ते बघा.

वर्षभरानं मावशीनं "आता बरी आहे" म्हणून सुई बंद केली. साठा यकृतात असतो, त्यामुळे लगेच काही झालं नाही. मुंग्या परत यायला दीड वर्ष गेलं. आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती स्वतःच आरोग्य केंद्रात जाते. चप्पल पायात राहते. दोन्ही अंगठ्यांचा बधिरपणा तेवढा गेला नाही.