क्लिअर मागे जात नसेल तर आधी मूठ बघा, मग पाय

प्रश्न: नववीच्या ३६ मुलामुलींना आठ तासिकांत बॅडमिंटन शिकवायचंय. ग्रिप, फुटवर्क, क्लिअर आणि दुहेरीत कुठे उभं राहायचं, एवढंच. कोर्ट दोन आहेत. जोर लावूनही मुलांचा क्लिअर मध्येच पडतो. काय चुकतंय आणि कुठल्या क्रमाने घेऊ?

जोर लावायला सांगणं आधी थांबवा. क्लिअर म्हणजे शटल उंच मारून समोरच्या मागच्या रेषेकडे पाठवणं, आणि या वयाच्या मुलांच्या हातात त्याला पुरेल इतकी ताकद असते. शटल मध्येच पडतं ते बहुधा दोन कारणांनी: मूठ चुकीची असते, किंवा शटल डोक्याच्या मागे गेल्यावर मारलं जातं. तपासायचंही याच क्रमाने, कारण मूठ चुकलेली असताना पाय सुधारून काही हाती लागत नाही.

नवशिका रॅकेट डास मारायच्या रॅकेटसारखी धरतो. जाळी थेट समोर आणि तळहात दांड्याच्या मागे. शटलला रॅकेट लागते, त्यामुळे त्याला हीच पकड सोयीची वाटते. पण अशा पकडीत पुढचा हात, म्हणजे कोपर ते मनगट, आतून बाहेर फिरूच शकत नाही. उरतं ते फक्त ढकलणं. क्लिअरचा वेग मुख्यतः या फिरण्यातून येतो. ‘मनगट मार’ असं सांगितलं की मुलं मनगट पुढे दुमडतात आणि शटल जाळ्यात जातं. म्हणून तो शब्द मी टाळतो, ‘हात फिरव’ म्हणतो.

पकड बसवायची अशी: दुसऱ्या हाताने रॅकेटचा दांडा धरून जाळी उभी ठेवायची, कड जमिनीकडे. मग हस्तांदोलन करावं तसा हात रॅकेटच्या मुठीवर आणायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला ‘व्ही’ मुठीच्या वरच्या अरुंद बाजूवर यायला हवा. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी पुढे सरकलेली. पकड सैल ठेवायची, इतकी की शेजाऱ्याने रॅकेट ओढली तर हातातून निसटावी. घट्ट होते ती फक्त शटल लागण्याच्या क्षणी. बॅकहँडला तोच हात किंचित फिरवून अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर टेकवायचा. या युनिटमध्ये त्यापलीकडे जायची गरज नाही.

पकड बरोबर आहे का हे बाजूला उभं राहून दिसतं. शटलकडे जाताना रॅकेटची कड पुढे असते, जणू कडेने काही कापायचंय, आणि अगदी शेवटच्या क्षणी जाळी समोर वळते. फटका झाल्यावर तळहात बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. सुरुवातीपासून जाळीच समोर दिसत असेल तर तो विद्यार्थी जुन्या पकडीवर गेलाय. मुलं दर दोन-तीन फटक्यांनी जुन्या पकडीवर परततात, हे गृहीत धरा. त्यामुळे ‘थांबा, मूठ बघा’ ही हाक प्रत्येक तासिकेत चार-पाच वेळा द्यावी लागते.

आता पाय. सगळ्यात वाईट सवय म्हणजे जाळ्याकडे तोंड ठेवून टाचांवर उलटं पळणं. शटल तोवर डोक्यामागे जातं, कंबर मागे वाकते आणि फटका वर जातो, लांब जात नाही. टाच अडकून मूल पाठीवर पडतं ते वेगळंच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्रम साधा आहे. समोरचा मारतो त्या क्षणी चवड्यांवर एक छोटी उडी. मग उजवा पाय मागे वळवून अंग जाळ्याला आडवं करायचं. तिथून पाय एकमेकांत न अडकवता सरकत मागे, शेवटी वजन उजव्या पायावर. मारताना कंबर आणि खांदे फिरतात, उजवा पाय पुढे येतो, आणि तेच मध्याकडे परतायचं पहिलं पाऊल होतं.

याची एक चाचणी मला फार उपयोगी वाटते, कारण तिला रॅकेट लागतच नाही. शटल उंच द्या आणि मुलाला मागे सरकून डाव्या हाताने ते कपाळाच्या थोडं पुढे आणि वर झेलायला सांगा. झेल कानामागे गेला तर तो उशिरा निघाला किंवा उलटा पळाला. दहापैकी सात झेल पुढे आल्याशिवाय रॅकेट देऊ नका.

मग क्लिअर, पण मागच्या रेषेवरून नाही. कोर्टाची एक बाजू ६.७० मीटरची. समोरच्या मागच्या रेषेच्या २ मीटर आत टेप लावा; जाळ्यापासून ती ४.७० मीटरवर येते. जाळ्यापासून ४ मीटरवर उभ्या मुलाला टेपपर्यंत ८.७० मीटर मारायचंय. मागच्या रेषेवरून तेच अंतर ११.४० मीटर होतं. पहिल्याच दिवशी तिथे उभं केलं की मूल पुन्हा ताकद लावतं आणि मूठ जाते. म्हणून ४ मीटरपासून सुरू करा. दहापैकी सहा शटल टेपपलीकडे पडली की एक पाऊल मागे. शटल उंच जाऊन अलीकडेच पडत असेल तर ते डोक्यामागे लागतंय. सपाट जात असेल तर जास्त पुढे लागतंय, किंवा कोपर खाली राहिलंय.

३६ मुलांची सोय अशी करता येईल. प्रत्येक कोर्ट लांबीच्या दिशेने अर्धं करा, म्हणजे चार पट्ट्या होतात. एका पट्टीत चार-पाच जण: एक शटल देणारा, एक मारणारा, एक टेपजवळ मोजणारा, बाकीचे शटल गोळा करणारे. उरलेले १८ कोर्टाबाहेर नुसत्या पायांचा सराव आणि झेल करतात, दहा मिनिटांनी अदलाबदल. डावखुऱ्यांना डावीकडच्या पट्टीत ठेवा, नाहीतर शेजाऱ्याची आणि त्यांची रॅकेट मधल्या रेषेवर आपटते. शटल नायलॉनचंच घ्या, निळ्या पट्टीचं, म्हणजे मध्यम वेगाचं. वर्गात पिसांचं शटल टिकत नाही.

माझ्या हिशेबाने मुठीला पहिल्या दोन तासिका, पाय आणि क्लिअरला पुढच्या तीन, दुहेरीला शेवटच्या तीन.

दुहेरी शेवटी घ्यायची ती क्लिअर आल्यावरच, कारण उभं कुठे राहायचं हे त्यावरूनच ठरतं. आपल्या जोडीने शटल वर उचललं की समोरच्यांना खाली मारायची संधी मिळते, म्हणून दोघांनी शेजारी-शेजारी, अर्धं-अर्धं कोर्ट सांभाळायचं. आपण खाली मारलं की एक पुढे, एक मागे. उजव्या मागच्या कोपऱ्यातून क्लिअर मारणाऱ्याचं उदाहरण घ्या: तो सरळ पुढे येऊन उजवी बाजू धरतो आणि जाळ्याजवळचा जोडीदार तिरका मागे येत डावी भरतो. इथे नेहमीची चूक म्हणजे पुढचा जाळ्यापाशीच थांबतो आणि मागच्याला ६.१० मीटर रुंदी एकट्याने सांभाळावी लागते. मधोमध येणाऱ्या शटलसाठी आधीच ठरवून घ्या: दोघे उजवे असतील तर डावीकडचा घेणार, कारण त्याचा फोरहँड मध्यावर येतो.

आधी शटलविना करा. तुम्ही ‘वर’ किंवा ‘खाली’ ओरडा आणि जोड्यांनी तशी जागा बदलायची. नंतर सात गुणांचे डाव. बाहेरच्या जोडीने फक्त जागा बघायची. शटल उचलल्यावरही दोघे पुढे-मागेच राहिले तर हात वर करायचा आणि रॅली जिंकली तरी गुण समोरच्यांना. पहिल्या डावात गुण भराभर जातात आणि कुरबुरही होते, पण नियम सैल करू नका.