बाळंतिणीचे रक्त नजरेने मोजू नका

प्रिय सिस्टर,

येत्या शनिवारी मी प्रसूती विभागाचा कार्यभार सोडत आहे. तुम्हाला लेबर रूममध्ये येऊन जेमतेम तीन महिने झाले आहेत, म्हणून निरोपसमारंभात ज्या विषयाला वेळ मिळणार नाही तो या पत्रात लिहीत आहे. विषय एकच आहे, बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन तास आणि त्या वेळी केसपेपरवर आपण सवयीने लिहितो ते ‘रक्तस्राव सामान्य’ हे दोन शब्द.

हे शब्द लिहिणारी व्यक्ती खोटे बोलत नसते, परंतु तिने रक्त मोजलेले नसते. नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले की आपण त्याला अतिरक्तस्राव म्हणतो, आणि तेवढे रक्त पॅडमध्ये, चादरीत आणि पाठीखाली विभागून गेले की डोळ्याला बरेच कमी भासते. बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावून हे तपासले होते. त्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाला.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. दुसरेपणाची बाळंतीण होती, वार पूर्ण पडली होती, जन्मानंतर लगेच ऑक्सिटोसिनची १० युनिट्स स्नायूत दिलेली होती आणि पिशवीत ३०० मिलिलिटर रक्त मोजले गेले होते. पुढच्या दोन तासांत नाडी ८४, ९६, १०८ आणि ११८ अशी चढत गेली, रक्तदाब मात्र ११६ वरून १०६ पर्यंतच उतरला. त्यामुळे प्रत्येक नोंद सुटी पाहणाऱ्याला काळजीचे कारण दिसले नाही. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण बरेच वाढलेले असते आणि तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवून धरते. तो कोसळतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्याहून मोठा झाला की घंटा वाजली असे समजा. येथे तो ११८ विरुद्ध १०६ होता.

त्या रात्री तुमच्यासारखीच एक नवी सिस्टर होती. तिने पेशंटला कुशीवर वळवले तेव्हा कमरेखालचे कापड चिंब निघाले. तिने ते कापड आणि तीन पॅड बाळाच्या वजनकाट्यावर ठेवले. वजन ७८० ग्रॅम भरले. तेवढेच कोरे कापड आणि पॅड ३१० ग्रॅमचे होते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर धरा, म्हणजे ४७० आणि आधीचे ३००, एकूण ७७० मिलिलिटर! मला फोन करताना तिने ‘जरा जास्त वाटते आहे’ असे न म्हणता हे आकडे सांगितले, आणि झोपेतल्या माणसाला उठवायला आकड्यांइतके प्रभावी काही नसते, हे मी स्वतःवरून सांगते.

मी पोहोचेपर्यंत तिने पोटावरून गर्भपिशवी चोळायला घेतली होती. गर्भपिशवी मऊ होती, बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेली होती, म्हणजे मूत्राशय तुंबलेले असणार हे उघड होते. कॅथेटरने ६०० मिलिलिटर लघवी निघाली, आतल्या गुठळ्या बाहेर आल्या आणि ऑक्सिटोसिनची ड्रिप सुरू झाल्यावर गर्भपिशवी हाताला कडक लागू लागली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून दिला. प्रसूतीला तेव्हा दोन तास वीस मिनिटे झाली होती. हे औषध तीन तासांच्या आतच द्यायचे असते, म्हणून जन्माची वेळ फलकावर ठळक लिहा.

मोजमापालाही मर्यादा आहेत. पिशवी गर्भजल वाहून गेल्यावर लावली नाही तर आकडा फुगतो, लघवी मिसळली तरी तसेच होते. उलट, गर्भपिशवीत साठलेले किंवा योनिमार्गाच्या भिंतीत उतरलेले रक्त काट्यावर येतच नाही. पॅड कोरा आणि नाडी चढती असेल, तर पॅडवर विश्वास ठेवू नका. गर्भपिशवीला हात लावून पाहा आणि टाक्यांजवळ असह्य दुखते का, हे विचारा.

कोऱ्या पॅडचे, चादरीचे आणि मॉपचे वजन मी एका कागदावर लिहून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. पुरवठादार बदलला की पॅडचे वजनही बदलते, तेव्हा नवा गठ्ठा आल्यावर पुन्हा वजन करून आकडा बदला. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असल्याने फ्रिजची नोंदवही रात्रपाळीतही भरावी लागेल. काट्याच्या जादा बॅटऱ्या त्याच कपाटाच्या खालच्या खणात आहेत. मावशींना ठाऊक आहे.

तुमची,
मावळती विभागप्रमुख