केळीच्या घडांतला फरक खरा की योगायोग?

रावेरला केळी आहे. ठिबकमधून खत दिलेल्या १० घडांची सरासरी २४ किलो (प्रमाण विचलन ३), हाताने दिलेल्या १० घडांची २१.५ (विचलन ४). ठिबकच भारी म्हणू का?

एवढ्यावर नको, भाऊ. फरक अडीच किलोचा, पण घडाघडांतच तीन-चार किलोंचा चढउतार आहे. प्रत्येक विचलनाचा वर्ग भागिले १०, म्हणजे ०.९ आणि १.६. बेरीज २.५, तिचं वर्गमूळ १.५८. फरकाला त्याने भागलं की टी, म्हणजे चढउताराच्या मानाने फरक किती मोठा ते, येतो १.५८; फरक योगायोगाचा नाही म्हणायला इथे तो साधारण २.१ च्या वर हवा. एक्सेलमध्ये ठिबकच्या घडांची वजनं A रकान्यात, हाताने दिलेल्यांची B मध्ये भरा आणि लिहा:

```
=T.TEST(A2:A11,B2:B11,2,3)
```

शेवटचा ३ म्हणजे दोन्ही गटांचं विचलन समान न धरणं. उत्तर ०.१३ च्या आसपास येईल: खतपद्धतीने काहीच फरक पडत नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात तेरा वेळा दिसला असता. ठिबकचा उपयोग नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. घड कमी मोजलेत.

आलेखात दोन खांब काढू नका, वीसही घडांचे ठिपके दोन रांगांत टाका. एखादाच ३० किलोचा घड सरासरी ओढत असेल तर लगेच दिसतो.

आणि ठिबकचे सगळे घड विहिरीजवळच्या एकाच पट्ट्यातले असतील, तर तुम्ही खत नव्हे, जमीन मोजताय. पुढच्या लागवडीत दोन्ही पद्धतींच्या ओळी आलटून पालटून ठेवा.