घरी हिंदी, शाळा मराठी: शब्दकार्डं कशी करावीत?

प्रश्न: आम्ही घरी हिंदी बोलतो. मुलगा यंदा पहिलीत, मराठी शाळेत. शब्दकार्डं कशी करू? घरीही मराठीच बोलायचं का?

घरी हिंदीच बोला, आणि कार्डावर सुटा शब्द न लिहिता वर्गात कानावर पडणारं छोटं वाक्य लिहा. मी पहिलीला शिकवते. वस्तूंची नावं मुलं पटकन उचलतात, अडतात ती क्रियापदांवर. ‘वही काढ’, ‘चित्र काढ’, ‘चप्पल काढ’ यांतला ‘काढ’ हिंदीत तीन वेगळे शब्द होतो: निकालो, बनाओ, उतारो. म्हणून ‘काढ’ची तीन कार्डं करा, प्रत्येकावर चित्र. मूल अजून वाचत नसेल तर वाक्य तुम्ही म्हणा, त्याने तसं करून दाखवायचं. एका आठवड्याला सहा-सात कार्डं भरपूर.

नामाच्या कार्डावर तो-ती-ते हवंच: तो फळा, ती वही, ते दप्तर. हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, त्यामुळे मुलगा ‘माझी पुस्तक’ म्हणणारच. टोकू नका, ‘हो, तुझं पुस्तक’ एवढंच म्हणा.

संध्याकाळी आज वर्गात काय झालं ते हिंदीत सांगू द्या. गोष्ट हिंदीत कळली असेल तर मराठी शब्द तिला आपोआप चिकटतात. (तुमचं मराठी कच्चं असेल तर कार्डं बाईंकडून एकदा तपासून घ्या.)

सुरुवातीचे काही महिने तो वर्गात गप्प राहिला तरी चालेल. पण घरी हिंदीतही कमी बोलत असेल किंवा हाक ऐकू येत नसेल, तर आधी कान तपासा.