क्यू-क्यू प्लॉट वाकला म्हणून नोंदी काढू नका

प्रश्न: माझ्याकडे ४,२०० नोंदींचा डेटा आहे. रिग्रेशन केलं, पण रेसिड्युअल्सचा क्यू-क्यू प्लॉट दोन्ही टोकांना वाकतोय आणि शापिरो-विल्कचा पी ०.००१ पेक्षा कमी येतोय. गाईड म्हणतात नॉर्मॅलिटी नाही, मॉडेल चालणार नाही. ट्रान्सफॉर्म करू की आउटलायर काढू?

उत्तर:

नोंदी काढू नका. ट्रान्सफॉर्मही करू नका, निदान या कारणासाठी तरी नाही. एवढ्या नोंदी हाताशी असताना टोकं वाकली म्हणून स्लोपचा कॉन्फिडन्स इंटरव्हल कोसळत नाही. तुमच्या गाईडना कदाचित हे पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण याच चित्रावरून अडवलं गेलं होतं आणि तो वाद माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

माझा विषय बाळांचं जन्मवजन. काही सरकारी रुग्णालयांतल्या प्रसूतींच्या नोंदी होत्या, हजारोंनी. एका बाजूला वजन ग्रॅममध्ये, दुसऱ्या बाजूला आईचं हिमोग्लोबिन, वय, कितवं बाळंतपण, असं साधं रिग्रेशन. रेसिड्युअल्सचा क्यू-क्यू प्लॉट काढला तर मधला भाग रेषेवर सरळ बसलेला आणि खालचं डावं टोक रेषेच्या पार खाली घसरलेलं. जन्मवजनाचा डेटा हाताळलेल्या कुणालाही हे टोक ओळखू येईल. ती मुदतीआधी जन्मलेली बाळं असतात, हजार-बाराशे ग्रॅमची. शिवाय प्लॉटवर बारीक पायऱ्याही होत्या, कारण वॉर्डात वजन लिहिताना २,५०० किंवा ३,००० असा गोल आकडा लिहिण्याकडे कल असतो.

समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी ते चित्र पाहिलं आणि फाईल मिटली. "मॅडम, असम्प्शनच मोडलंय, मग पुढचं वाचायचं कशाला?" त्यांचा पहिला उपाय होता ३ च्या पलीकडचे स्टँडर्डाइझ्ड रेसिड्युअल असलेल्या नोंदी काढण्याचा. मी त्या नोंदी एकेक करून केसपेपरशी ताडून पाहिल्या. जवळजवळ सगळी बाळं ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली, आणि त्यांतल्या बऱ्याच आया तीव्र ॲनिमियाच्या. म्हणजे हिमोग्लोबिनचा परिणाम ज्या बाळांवर सगळ्यात जास्त दिसतो तीच बाळं काढून टाकायची, आणि मग उरलेल्यांवर हिमोग्लोबिनचा परिणाम किती ते मोजायचं. प्लॉट सरळ झाला असता, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं मिळालं असतं.

मी नकार दिल्यावर लॉग घ्यायला सांगितलं. लॉग उजवीकडे लांबलेलं शेपूट आखडतो. माझं शेपूट डावीकडे होतं, ते लॉगने आणखी लांबलं. मग बॉक्स-कॉक्स करा म्हणाले. त्यात लॅम्डा २ च्या आसपास आला, म्हणजे वजनाचा वर्ग घ्यायचा. हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढलं तर बाळाच्या वजनाचा वर्ग कितीने वाढतो, हे मी कुठल्या डॉक्टरला सांगणार होते?

मी स्वतःहून बूटस्ट्रॅप केला. मूळ नोंदींतून पुन:पुन्हा तेवढ्याच नोंदी परत टाकत उचलायच्या, दर वेळी मॉडेल बसवायचं आणि हिमोग्लोबिनचा स्लोप टिपून ठेवायचा. त्या हजारो स्लोपचा क्यू-क्यू प्लॉट काढला तर तो पट्टीने आखल्यासारखा सरळ. तो सरांसमोर ठेवला. ते म्हणाले, "हा वेगळा प्लॉट आहे." हो, वेगळाच आहे, आणि बघायला हवा तो हाच. टी-टेस्ट आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल यांना स्लोपचं सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन नॉर्मल लागतं. त्रुटी नॉर्मल असतील तर ते आपोआप, अगदी १० नोंदींतही मिळतं, म्हणून पुस्तकात तशी अट लिहिलेली असते. पण तिथे पोचायचा तो एकच रस्ता नाही. लीस्ट स्क्वेअर्सचा स्लोप म्हणजे सगळ्या नोंदींची कमीजास्त भार देऊन केलेली बेरीज. कुठल्याही एका नोंदीचा भार बाकीच्यांवर मात करत नसेल, तर त्रुटी कशाही पसरलेल्या असोत, त्यांचा व्हेरिअन्स मर्यादित असला की ही बेरीज नॉर्मलकडे जाते. सेंट्रल लिमिट थिअरम इथे कामाला येतो.

आर असेल तर स्वतः पाहा:

```r
set.seed(1)
x <- runif(500)
b <- replicate(5000, {
  y <- 2 + 3*x + (rexp(500) - 1)
  coef(lm(y ~ x))[2]
})
qqnorm(b); qqline(b)
```

इथे त्रुटी एक्स्पोनेन्शियल आहेत, सपशेल एका बाजूला झुकलेल्या. कुठल्याही एका फेरीचे रेसिड्युअल काढून प्लॉट केलात तर कमानीसारखा वाकलेला दिसेल. `b` चा प्लॉट मात्र सरळ येतो. गाईडना हे दोन्ही प्लॉट शेजारी शेजारी छापून द्या.

शापिरो-विल्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या आकाराच्या डेटावर ती टेस्ट चालवूच नये. नोंदी वाढतात तशी तिची नजर तीक्ष्ण होते, आणि गोल आकड्यांच्या पायऱ्यांसारखी निरुपद्रवी गोष्टसुद्धा ती पकडते. फरक आहे का, एवढंच ती सांगते. त्या फरकाने तुमच्या निष्कर्षाला किती धक्का बसतो हे सांगत नाही. आरमधलं `shapiro.test` तर ५,००० पेक्षा जास्त नोंदी घेतच नाही, आणि मग लोक त्यातून यादृच्छिक ५,००० उचलून टेस्टला घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उलट १५ नोंदी असतील तर नॉर्मॅलिटी खरोखर महत्त्वाची, पण तिथे प्लॉट काही सांगू शकत नाही. `qqnorm(rnorm(15))` आठ-दहा वेळा चालवा. शुद्ध नॉर्मलमधून काढलेले १५ आकडेही इतके वाकडेतिकडे पडतात की खरी विकृती आणि योगायोग वेगळे करता येत नाहीत. त्यात रेसिड्युअल म्हणजे अनेक त्रुटींचं मिश्रण, त्यामुळे लहान सॅम्पलमध्ये ते मूळ त्रुटींपेक्षा जास्त नॉर्मल दिसतात.

याचा अर्थ वाकलेल्या प्लॉटकडे पाहायचंच नाही असा नव्हे. पाहायचं, पण "नॉर्मल आहे का" म्हणून नाही, "हे टोक कुणाचं आहे" म्हणून. ggplot2 मधला `diamonds` डेटा घ्या, ५३,९४० हिरे. किंमत कॅरटवर बसवली की स्लोप ७,७५६ डॉलर येतो, स्टँडर्ड एरर १४ आणि रेसिड्युअल स्टँडर्ड एरर १,५४९. क्यू-क्यू प्लॉट दोन्ही टोकांना भयंकर वाकतो. इतक्या नोंदींत नॉर्मल त्रुटींचं सगळ्यात टोकाचं स्टँडर्डाइझ्ड मूल्य ४ च्या थोडं पुढे अपेक्षित असतं, इथे ते उणे १२ आहे. ती नोंद शोधली तर ५.०१ कॅरटचा हिरा निघतो. मॉडेल त्याची किंमत साडेछत्तीस हजार डॉलर सांगतं, डेटात ती १८,०१८ आहे, कारण या डेटात १९,००० च्या वर किंमतच नाही. दुसऱ्या टोकाला ०.२३ कॅरटच्या हिऱ्याला हेच मॉडेल उणे ४७२ डॉलर किंमत देतं. म्हणजे प्लॉट वाकला तो सरळ रेषाच चुकीची होती म्हणून, आणि कॅरट वाढतो तसा किंमतीचा पसारा वाढतो म्हणून. यातली दुसरी गोष्ट ती १४ ची स्टँडर्ड एरर खोटी ठरवते, खरी बरीच मोठी आहे. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की स्लोप १.६८ येतो आणि पसारा बराच सारखा होतो. इथे लॉग योग्यच, कारण किंमत पटीत वाढते. प्लॉट सरळ करण्यासाठी तो घेतलेला नाही.

हे दोन्ही दोष रेसिड्युअल विरुद्ध फिटेड व्हॅल्यूच्या साध्या प्लॉटवर क्यू-क्यूपेक्षा आधी आणि स्पष्ट दिसतात. तिसरा दोष या दोन्ही प्लॉटवर दिसत नाही, आणि माझ्या समितीतल्या कुणीही तो विचारला नाही. माझ्या नोंदी वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या होत्या. एका रुग्णालयातल्या सगळ्या बाळांचं वजन एकाच काट्यावर, हिमोग्लोबिन एकाच लॅबमध्ये, वस्तीही साधारण सारखी. त्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, आणि हजारोंच्या संख्येने हा प्रश्न सुटत नाही. स्टँडर्ड एरर रुग्णालयनिहाय क्लस्टर करून काढल्यावर माझी काही व्हेरिएबल्स सिग्निफिकंट राहिली नाहीत. खरी तपासणी तिथे हवी होती. सरांनी शेवटपर्यंत डावं टोकच धरून ठेवलं आणि माझं ते प्रकरण परिशिष्टात गेलं. आजही ते मुख्य प्रबंधात असायला हवं होतं असंच मला वाटतं.

आता तुमच्या डेटासाठी जपून घ्यायच्या गोष्टी. ४,२०० हा आकडा प्रत्येक स्लोपसाठी ४,२०० नसतो. एखादा गट फक्त ६ जणांचा असेल, तर त्या गटाच्या स्लोपसाठी तुमचा सॅम्पल जवळपास ६ चाच आहे आणि तिथे सेंट्रल लिमिट थिअरम मदतीला येणार नाही. तुमचं मॉडेल `m` धरून `max(hatvalues(m))` बघा; एखादी एकटी नोंद रेषेला जास्तीत जास्त किती ओढू शकते ते हा आकडा सांगतो. अशा ६ जणांच्या गटात तो ०.१७ च्या आसपास निघेल, तर हिऱ्यांच्या पहिल्या मॉडेलमध्ये तो ५.०१ कॅरटच्या नोंदीलाही जेमतेम ०.००१५ येतो. सगळीकडे बारीक असेल तर निश्चिंत राहा. पसारा असमान दिसला तर `sandwich` पॅकेजमधलं `vcovHC` वापरून स्टँडर्ड एरर काढा, आणि शंका उरली तर बूटस्ट्रॅपचा इंटरव्हल शेजारी द्या. दोन्ही जुळले की नॉर्मॅलिटीवरचं एक वाक्य पुरे.

मी वर जे म्हटलं ते सगळं स्लोप आणि सरासरीबद्दल आहे. तुम्हाला एकेका व्यक्तीचं भाकीत करायचं असेल, म्हणजे प्रेडिक्शन इंटरव्हल हवा असेल, तर गाईड बरोबर आहेत. तिथे त्रुटींचा आकार थेट वापरला जातो आणि नोंदी कितीही वाढवल्या तरी तो बदलत नाही. माझ्या जन्मवजनाच्या मॉडेलवरून ९९ टक्क्यांचा प्रेडिक्शन इंटरव्हल काढला असता, तर त्याच्या खाली हजारात ५ च्या कितीतरी जास्त बाळं पडली असती. अशा कामाला क्वांटाइल रिग्रेशन वापरा, खालची रेषा डेटावरूनच बसवा.