अर्धवट राहिलेली कामं चार्ज नोटमध्ये कशी लिहायची?

"आठ वर्षं सांभाळलेली जागा पुढच्या आठवड्यात सोडतेय. माझ्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. चार्जची नोट लिहायला बसले की हात थांबतो. नेहमीची कामं सगळी डोक्यात आहेत, कागदावर काहीच नाही. आणि राहिलेली कामं खरी खरी लिहिली, तर 'एवढं सगळं तसंच टाकून गेली' असं म्हणतील ना? नंतर रोज फोन येतील ही धास्ती वेगळीच."

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका संस्थेत खरेदी, देखभालीचे करार आणि परवाने त्यांच्याकडे होते. त्यांची नोट तयार होती, चांगली जाडजूड. खरेदीचा आदेश सिस्टिममध्ये कसा भरायचा, याची चित्रांसकट पानंच्या पानं होती. आणि प्रलंबित कामं? शेवटच्या पानावर सहा ओळी. प्रत्येक ओळीचा शेवट एकच: 'फॉलोअप सुरू'.

त्यातल्या जनरेटरच्या देखभाल कराराबद्दल मी विचारलं, तर त्या बराच वेळ सलग बोलल्या. कोणाचे दर आले, कोणाचे राहिले, कोणाला काय शब्द दिला. हे कागदावर का नाही, म्हटल्यावर म्हणाल्या, "लिहिलं तर दिसेल ना, की दोन महिने मी ते लावून धरलं नाही."

असं पुष्कळदा होतं. जे सोपं आणि निर्धोक, त्याची पानं वाढतात. जिथे लाज वाटते तिथे एक गोल शब्द येतो. गंमत म्हणजे सिस्टिममध्ये आदेश कसा भरायचा हे शेजारच्या टेबलावरचा कुणीही दाखवेल. जनरेटरच्या पुरवठादाराला तोंडी काय सांगितलंय, ते मात्र या बाईंशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

लाजेवर चर्चा करत बसण्याऐवजी आम्ही ती एक ओळच पुन्हा लिहिली. ती अशी झाली: 'जनरेटर देखभाल करार. मुदत ३० जूनला संपते. स्थिती २ जूनची: दोघांचे दर आले आहेत, फाइल करारांच्या फोल्डरमध्ये. तिसऱ्याचे दर यायचे आहेत. पुढचं पाऊल: १० जूनपर्यंत आले नाहीत, तर दोनच दर लेखा प्रमुखांकडे मंजुरीसाठी पाठवणे. दिलेला शब्द: सध्याच्या पुरवठादाराला १५ जूनपर्यंत निर्णय कळवतो असं तोंडी सांगितलं आहे. काहीच केलं नाही तर: ३० जूननंतर बिघाड झाल्यास प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे पडतील.'

ही ओळ वाचून त्यांचा चेहरा जरा सैलावला. उशीर का झाला, हे तिथे कुठेच आलेलं नाही. येणाऱ्या माणसाला त्याची गरजच नसते. जे कारण पुढेही आडवं येणार असेल तेवढंच लिहायचं, तेही घडतं तसं: 'तिसरा पुरवठादार लेखी दर द्यायला वेळ लावतो, फोन करावा लागतो.' 'काहीच केलं नाही तर' हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तात्पुरतं काम पाहणाऱ्याला कोणतं आज करायचं आणि कोणतं थांबू शकतं, ते त्यावरूनच कळतं.

सहापैकी एक काम मात्र खरोखर विसरलं गेलं होतं: दुरुस्तीसाठी परत आलेलं एक बिल खणात पडून होतं. ते वगळावं का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, आधी साहेबांना समक्ष सांगा, मग नोटमध्ये इतरांसारखीच त्याची ओळ लिहा. वरिष्ठांना ही गोष्ट कागदातून पहिल्यांदा कळली तर बोच राहते. आधी कानावर घातली तर ते नुसतं एक काम उरतं. तुमच्याकडेही असं एखादं असेल, तर त्यापासूनच सुरुवात करा. ते मनावर असेपर्यंत बाकीचं लिहून होत नाही.

नेहमीच्या कामांसाठी आठवणीवर विसंबू नका. आठवण रोजची आणि आठवड्याची कामं देते, वर्षातून एकदाचं नेमकं गाळते. पाठवलेल्या मेलचा फोल्डर आणि कॅलेंडर मागे १३ महिने चाळा. बाराच पाहिले तर थोडं पुढेमागे होणारं वार्षिक काम निसटू शकतं. त्या बाईंना यात एका परवान्याचं नूतनीकरण सापडलं. त्याची आठवण करून देणारा मेल फक्त त्यांच्या नावाच्या मेलबॉक्सवर येत होता. त्या गेल्यावर मेलबॉक्स बंद, म्हणजे आठवणही बंद. तो पत्ता विभागाच्या सामायिक मेलवर बदलून घेतला.

सापडलेली कामं विषयवार न लावता येणाऱ्या तारखांप्रमाणे लावा. तुमच्या जागी कुणी नाही, म्हणजे आधी ती नोट स्वतःचं काम सांभाळून तुमचं पाहणारा कुणीतरी वाचणार. त्याला पहिल्या पानावर येत्या सहा आठवड्यांतलं तेवढंच हवं असतं. बाकीचं वर्ष मागे असू द्या, ते नव्याने नेमलेल्या माणसासाठी.

संपर्कांत नाव आणि नंबर पुरत नाही. कोणत्या कामासाठी, फोन की मेल, आणि उत्तर नाही आलं तर पुढे कोण, हे लिहा. स्वभावाचे शेरे नकोत. ही फाइल फिरते. 'चिडका आहे' याऐवजी 'दुपारनंतर फोन घेत नाहीत, सकाळी मेसेज केल्यास उत्तर येतं' हे जास्त उपयोगी. कुणाचा खाजगी नंबर असेल तर त्यांना विचारूनच द्या. पासवर्ड नोटमध्ये अजिबात नकोत. खातं कोणतं आणि प्रवेश कोण देतो, एवढंच. आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो ते एकेक करून तपासा. त्या बाईंच्या दोन पोर्टलचे ओटीपी त्यांच्या स्वतःच्या फोनवर येत होते. हे बदलायला काही ठिकाणी अधिकृत सहीचं पत्र लागतं, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

नोट झाली की एका सहकाऱ्याला त्यातलं एक काम करायला द्या आणि स्वतः गप्प बसा. तो जिथे मान वर करून विचारेल, तिथे वाक्य कमी आहे. बाईंच्या सहकाऱ्याने पहिल्याच पायरीला विचारलं, "करारांचा फोल्डर म्हणजे कोणता?" तसे दोन फोल्डर होते.

फोनांबद्दल. अजिबात येणार नाहीत असं कोणतीही नोट करू शकत नाही. एखाद्या पुरवठादाराशी जमवून घेण्याची तुमची हातोटी कागदावर उतरत नाही. त्याऐवजी मर्यादा साहेबांशी आधीच ठरवून घ्या. बाईंनी ठरवलं होतं: महिनाभर, आठवड्यातून एकदा, सगळे प्रश्न एकाच मेलमध्ये आणि तेही साहेबांमार्फत. थेट फोन आला तर त्या एवढंच म्हणायच्या, "नोटमध्ये पाहिलंत का? नसेल तर मेलच्या यादीत घाला, या आठवड्यात उत्तर देते."